कोसळती भिंत कीफ्रेममध्ये पक्की करताना

संगणकाच्या पडद्यावर विटांची एक भिंत उभी आहे. लोखंडी गोळा येऊन तिच्यावर आदळतो, विटा उधळतात, वरचे थर खाली येतात आणि जमिनीवर ढीग साचतो. ब्लेंडर या मुक्त त्रिमिती आज्ञावलीत असे दृश्य उभे करणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. हेच दृश्य एखाद्या खेळासाठी, संकेतस्थळासाठी किंवा दुसऱ्या आज्ञावलीत काम करणाऱ्या सहकाऱ्यासाठी निर्यात केले, आणि पलीकडे फाइल उघडली, तर भिंत पुष्कळदा जशीच्या तशी उभी दिसते. गोळा येतो, भिंतीच्या आरपार जातो आणि एकही वीट हलत नाही.

यात फाइल बिघडलेली नसते. ब्लेंडरमध्ये दिसणारी पडझड त्या विटांच्या अंगी नोंदलेली नसते. ती त्या-त्या वेळी गणिताने काढलेली असते. गणित करणारे यंत्र ब्लेंडरमध्येच राहते आणि बाहेर जातात त्या केवळ विटा. ही पडझड विटांच्या अंगी नोंदवून देण्याच्या क्रियेला ‘कीफ्रेममध्ये बेक करणे’ असे म्हणतात. कच्ची वीट भट्टीत भाजल्यावर जशी पक्की होते आणि तिचा आकार पुन्हा बदलता येत नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

गणित कोण करते?

ब्लेंडरची सुरुवात नेदरलँड्समध्ये टोन रोझेंडाल यांनी केली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली झाली. कठीण, आकार न बदलणाऱ्या वस्तूंच्या टकरींचे गणित ती स्वतः करीत नाही. त्यासाठी एर्विन कूमन्स यांनी सुरू केलेल्या ‘बुलेट’ या भौतिकी ग्रंथालयाचा उपयोग केला जातो. २०१३ मध्ये आलेल्या २.६६ या आवृत्तीपासून ही सोय थेट ॲनिमेशनच्या कामात वापरता येऊ लागली.

बुलेटची रीत अशी : पहिल्या फ्रेमवर प्रत्येक विटेची जागा घ्यायची, गुरुत्वाकर्षण आणि टकरी लक्षात घेऊन किंचित पुढच्या क्षणाची जागा काढायची, त्यावरून त्याच्या पुढची, आणि असेच चालू ठेवायचे. म्हणजे पन्नासाव्या फ्रेमवर वीट कोठे आहे, हे कळण्यासाठी आधीच्या एकोणपन्नास फ्रेम चालवाव्याच लागतात. कीफ्रेमचे तसे नसते. ‘या फ्रेमवर या वस्तूची जागा ही आणि कल हा’ अशी ती सरळ नोंद असते. कोणतीही आज्ञावली ती वाचू शकते.

येथेच एका शब्दामुळे मोठा घोटाळा होतो. ब्लेंडरमध्ये ‘बेक’ नावाच्या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत. ‘Scene’ गुणधर्मांतील ‘Rigid Body World’ या भागात ‘Cache’ नावाचा कप्पा असतो आणि त्यात ‘Bake’ हे बटण असते. ते दाबले की गणिताचे उत्तर ब्लेंडरच्या स्वतःच्या साठ्यात जपून ठेवले जाते. दृश्य मागे-पुढे फिरवून पाहण्यासाठी ते उपयोगी असते. पण एफबीएक्स किंवा जीएलटीएफ या निर्यात स्वरूपांत ब्लेंडरच्या या साठ्याला जागाच नाही. निर्यातीसाठी लागते ती दुसरी क्रिया. ती ‘Object’ मेनूत, ‘Rigid Body’ खाली ‘Bake to Keyframes’ या नावाने असते.

एकशे सव्वीस विटांची भिंत

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यास ही प्रक्रिया नीट उलगडते. भारतीय प्रमाणानुसार मॉड्युलर विटेचे माप १९० × ९० × ९० मिलिमीटर असते. अशा विटांची ‘चार इंची’ भिंत रचायची आहे. विटांचे बारा थर, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत बारा रद्दे आहेत. एका रद्द्यात दहा अख्ख्या विटा, तर पुढच्यात नऊ अख्ख्या आणि दोन्ही टोकांना एकेक अर्धी, म्हणजे उभे सांधे एकावर एक येत नाहीत. शेजारच्या दोन विटांमध्ये १० मिलिमीटर फट ठेवली आहे. एकूण ११४ अख्ख्या आणि १२ अर्ध्या, अशा १२६ विटा होतात. भिंतीची लांबी सुमारे दोन मीटर आणि उंची १०८ सेंटिमीटर भरते.

रचनेची सुरुवात एकाच विटेपासून करावी. तिचे माप ठरल्यावर ‘Ctrl+A’ दाबून ‘Scale’ लागू करावे, तिचा मूळबिंदू तिच्या मध्यावर आहे ना हे पाहावे आणि मगच तिच्या प्रती काढाव्यात. मूळबिंदू महत्त्वाचा, कारण सिम्युलेशन त्यालाच वस्तूचा गुरुत्वमध्य मानते. तो कोपऱ्यात राहिला तर वीट एका बाजूला जड असल्यासारखी गिरक्या घेत पडते. अर्ध्या विटेसाठीही हीच तयारी वेगळी करावी लागते. ‘Array’ हा मॉडिफायर वापरून भिंत रचण्याचा मोह होतो. पण त्यातून मिळते ती एकच अखंड वस्तू. सुटी पडण्यासाठी प्रत्येक वीट ही स्वतंत्र वस्तू असावी लागते.

विटांना ‘Active’ हा प्रकार आणि टकरीसाठी ‘Box’ हा आकार द्यावा. वीट मुळातच चौकोनी असल्याने या आकाराने गणित जलद होते आणि दोन थरांत नसती फट दिसत नाही. आपोआप मिळणारे एक किलो वस्तुमान विटेला शोभत नाही. या मापाची भाजकी वीट तीन किलोच्या आसपास भरते. अर्ध्या विटेला त्याच हिशेबाने कमी वस्तुमान द्यावे. जमिनीसाठी पातळ पत्र्याऐवजी अर्धा मीटर जाडीचा ठोकळा घेऊन त्याला ‘Passive’ करावे.

गोळ्याचे काम वेगळे आहे. तो भौतिकीच्या नियमाने नव्हे, तर ठरवून दिलेल्या मार्गाने जाणार आहे. म्हणून त्याच्या ‘Animated’ या चौकटीत खूण करावी. दहाव्या फ्रेमवर तो भिंतीच्या दीड मीटर अलीकडे आणि चोविसाव्या फ्रेमवर दीड मीटर पलीकडे, अशा दोन कीफ्रेम पुरतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने त्याचा वेग सेकंदाला पाच मीटरच्या थोडा वर येतो. गोळा तीस सेंटिमीटर व्यासाचा असेल तर सोळाव्या-सतराव्या फ्रेमच्या सुमारास तो भिंतीला भिडतो.

भाजण्याआधी तपासणी

बेक केल्यावर दोष दुरुस्त करणे कठीण असते. त्यामुळे पडझड आधी नीट पाहून घ्यावी लागते. तीन दोष वारंवार आढळतात आणि तिघांची लक्षणे वेगळी असतात.

पहिला दोष म्हणजे गोळा पोहोचण्यापूर्वीच भिंत फुटते. पहिल्या-दुसऱ्या फ्रेमवर विटा स्फोट झाल्यासारख्या उडाल्या, तर त्या एकमेकींत घुसलेल्या आहेत असे समजावे. बुलेट त्यांना बळाने वेगळे करू पाहते आणि तोच हा स्फोट असतो. थरांमधील अंतर नेमके ९० मिलिमीटर आहे का, हे तपासावे. भिंत फुटत नाही, पण हळूहळू सरकते वा कलते असे दिसले, तर विटांच्या ‘Deactivation’ या कप्प्यात ‘Start Deactivated’ निवडावे. मग कोणी स्पर्श करीपर्यंत विटा निद्रिस्त राहतात.

दुसरा दोष म्हणजे विटा जमिनीत घुसतात. भिंतीच्या माथ्यावरून सुटलेली वीट जमिनीजवळ येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे एका फ्रेममध्ये ती सुमारे १९ सेंटिमीटर अंतर कापते आणि विटेची जाडी तर नऊच सेंटिमीटर! एका फ्रेममध्ये एकदाच हिशेब केला तर टक्कर मधल्यामध्ये हुकू शकते. यासाठी ‘Substeps Per Frame’ हा आकडा असतो. तो दहा असेल तर प्रत्येक हिशेबामागे वीट दोन सेंटिमीटरहून कमी सरकते आणि टक्कर सापडते. रचलेल्या थरांसाठी तो वीस केल्यास ढीग अधिक स्थिर राहतो. गणिताला वेळ मात्र जास्त लागतो.

तिसरा दोष सहज लक्षात येत नाही. ढीग साचल्यानंतरही काही विटा थरथरत किंवा कणाकणाने सरकत राहतात. बेक करताना ही थरथरही इमानाने नोंदली जाते आणि फाइल विनाकारण फुगते. घर्षण अर्ध्यावरून ०.८ पर्यंत वाढवणे, उसळी शून्यावर ठेवणे आणि ‘Deactivation’ चालू ठेवणे हे यावरचे उपाय होत.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे फ्रेमचा वेग. खेळासाठी सेकंदाला ३० फ्रेम हवे असतील तर सिम्युलेशनपूर्वीच तसे ठरवावे. २४ च्या हिशेबाने नोंदलेली पडझड नंतर ३० ने चालवली तर विटा खऱ्यापेक्षा वेगाने पडतात आणि हलक्या वाटू लागतात. तसेच ‘Cache’ मधील शेवटची फ्रेम दृश्याच्या शेवटाशी जुळवावी. या उदाहरणात ती १२०, म्हणजे पाच सेकंद आहे. साठा आधीच संपला तर विटा हवेत गोठलेल्या दिसतात.

प्रत्यक्ष क्रिया

सर्वप्रथम फाइलची प्रत काढावी. हा सावधगिरीचा नुसता सल्ला नव्हे. ‘Bake to Keyframes’ ही क्रिया नोंद पूर्ण झाल्यावर निवडलेल्या विटांचे भौतिकीय गुणधर्म काढून टाकते. तसे करणे आवश्यकच असते, नाहीतर सिम्युलेशन आणि कीफ्रेम दोघेही विटेवर हक्क सांगू लागतील. पण त्यामुळे वस्तुमान, घर्षण वगैरे ठरवलेले सारे त्या फाइलमधून नाहीसे होते. उद्या गोळा थोडा वरून यावा असे ठरले, तर मूळ फाइलकडेच परतावे लागते.

दुसरी तयारी विटांच्या कलाविषयी आहे. ब्लेंडर वस्तूचा कल सहसा तीन अक्षांवरील तीन कोनांत मोजते. गडगडणाऱ्या विटेच्या बाबतीत ही पद्धत दोन नोंदींच्या मधल्या क्षणी फसू शकते; वीट सरळ वळण्याऐवजी भलतीच पिळवटून जाते. क्वाटर्नियन या चार आकड्यांच्या पद्धतीत हा धोका बराच कमी होतो. जीएलटीएफ स्वरूपही कल त्याच पद्धतीने साठवते. म्हणून बेक करण्यापूर्वी विटांची पद्धत बदलून घेणे बरे. विटांची नावे ‘Vit’ या अक्षरांनी सुरू होत असतील, तर निवड, पद्धत बदलणे आणि बेक ही तिन्ही कामे पुढील काही ओळींत होतात :

```python
import bpy
for o in bpy.context.scene.objects:
    vit = o.name.startswith("Vit")
    o.select_set(vit)
    if vit:
        o.rotation_mode = 'QUATERNION'
        bpy.context.view_layer.objects.active = o
bpy.ops.rigidbody.bake_to_keyframes(frame_start=1, frame_end=120, step=1)
```

मेनूतून ही क्रिया केली तरी हेच तीन आकडे विचारले जातात. त्यांतील पहिला एक ठेवावा. गोळा सोळाव्या फ्रेमवर आदळतो म्हणून नोंदही तेथूनच सुरू करावी, असे वाटणे साहजिक आहे. पण सिम्युलेशन सुरुवातीपासून चालल्याशिवाय मधल्या फ्रेमचे उत्तर खरे नसते. शेवटचा आकडा किती फ्रेमनंतर नोंद घ्यायची ते सांगतो. तो दोन केल्यास नोंदी निम्म्या होतात, मात्र वीट ज्या फ्रेमवर जमिनीला टेकली तीच नेमकी गाळली गेली, तर तिचा कोपरा क्षणभर जमिनीत रुतलेला किंवा तिच्यापासून वर राहिलेला दिसतो.

नोंदींचा पसारा केवढा होतो? जागेचे तीन आणि कलाचे चार, असे प्रत्येक विटेचे सात आकडे. १२६ विटा आणि १२० फ्रेम धरल्यास एक लाख ५ हजार ८४० नोंदी होतात. प्रत्यक्षात त्या कमी उरतात, कारण शेजारच्या नोंदींपेक्षा जवळपास काहीच न बदललेली नोंद ब्लेंडर शेवटी स्वतःच काढून टाकते. गोळा येईपर्यंत स्वस्थ उभ्या असलेल्या विटांच्या नोंदी अशाच गळतात. थरथरणाऱ्या विटांच्या मात्र गळत नाहीत. तिसऱ्या दोषाकडे लक्ष द्यायचे कारण हेच.

काम फत्ते झाल्याची खूण सोपी आहे. काळपट्टीवर थेट नव्वदाव्या फ्रेमवर उडी मारावी. पूर्वी असे केल्यावर दृश्य चुकीचे दिसू शकत होते. आता विटा तत्क्षणी आपापल्या जागी दिसतात. ‘Physics’ या भागात विटेचे भौतिकीय गुणधर्म नाहीसे झालेले असतात आणि तिच्या जागेचे आकडे हिरव्या-पिवळ्या रंगात दिसतात. गोळ्याला स्वतःचे कीफ्रेम आधीपासूनच असल्याने त्याला निवडायची गरज नसते.

निर्यातीतला सापळा

बेक झाल्यावर प्रत्येक विटेची स्वतःची ‘ॲक्शन’, म्हणजे नोंदींची वही तयार होते. येथे दुसरा मोठा घोटाळा संभवतो. जीएलटीएफ निर्यात करताना ॲनिमेशनची पद्धत ‘Actions’ ठेवली, तर पलीकडे एका पडझडीऐवजी सुटी सुटी १२६ ॲनिमेशने पोहोचतात. ‘चालवा’ म्हटल्यावर एकच वीट पडते आणि बाकीची भिंत उभी राहते. तेथे ‘Active actions merged’ ही पद्धत निवडली की साऱ्या वह्या एकत्र बांधल्या जाऊन एकच ॲनिमेशन तयार होते.

एफबीएक्समध्ये सापळा अधिक खोल आहे. तेथे ‘All Actions’ ही खूण आपोआप केलेली असते. तिचा अर्थ असा, की प्रत्येक वस्तूसाठी तिला जुळणारी प्रत्येक ॲक्शन निर्यात करावी. सर्व विटा एकसारख्या असल्याने प्रत्येक ॲक्शन प्रत्येक विटेला जुळते. १२६ गुणिले १२६ म्हणजे १५ हजार ८७६! निर्यात तासन्‌तास अडकली किंवा फाइल अवाढव्य झाली, तर बहुधा हेच कारण असते. ‘All Actions’ आणि ‘NLA Strips’ या दोन्ही खुणा काढल्या की दृश्याची एकच सलग काळरेषा निर्यात होते. त्याच कप्प्यातील ‘Simplify’ हा आकडा शून्य करावा; नाहीतर नोंदी पुन्हा छाटल्या जातात आणि टकरीचा ठसका बोथट होतो.

निर्यात झालेली फाइल पुढे पाठवण्यापूर्वी ब्लेंडरच्याच एका रिकाम्या फाइलमध्ये ती आयात करून पाहावी. ढिगातील एखादी ओळखीची वीट निवडून शेवटच्या फ्रेमवरील तिची जागा मूळ फाइलशी ताडून पाहिली, तर वेग, माप आणि दिशा या तिन्हींतील चुका एका फटक्यात उघड होतात.

मर्यादा

पक्क्या झालेल्या भिंतीला काही गोष्टी जमत नाहीत. ती दर वेळी अगदी तशीच कोसळते. खेळाडूने डावीकडून धक्का दिला काय किंवा उजवीकडून, तीच वीट त्याच जागी पडणार. तिच्या वाटेत नवी वस्तू ठेवली तर वीट तिच्या आरपार जाते. दृश्याला प्रतिसाद द्यायचा असेल, तर पलीकडच्या यंत्रणेनेच टकरींचे गणित केले पाहिजे. तेथे बेक केलेली भिंत कामाची नाही.

दुसरी मर्यादा संख्येची आहे. शे-दीडशे सुटे भाग बहुतेक यंत्रणांना पेलतात. हजारो झाले की प्रत्येक तुकडा वेगळा सांभाळणे जड जाते. अशा वेळी सारे तुकडे एकाच जाळीत घेऊन प्रत्येकाला सांगाड्यातील एकेक हाड जोडणे, किंवा अलेम्बिकसारखे बिंदूंची जागाच साठवणारे स्वरूप वापरणे, हे मार्ग उरतात.

तरीही ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या कोनातून दिसणारी पडझड हवी असेल तेथे कीफ्रेमचा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. सिम्युलेशनचे उत्तर आवृत्ती वा संगणक बदलल्यावर थोडे वेगळे येऊ शकते. कीफ्रेममध्ये गणित उरतच नाही. दिग्दर्शकाने पसंत केलेली पडझडच सगळीकडे दिसते. मात्र मूळ सिम्युलेशनची फाइल जपून ठेवावी, कारण पक्क्या विटेची पुन्हा माती होत नाही.